शाळा, शिकवणी आणि छंदवर्गांच्या शुल्काचा वार्षिक हिशेब: बचतीला हात न लावता

शाळा सुरू होण्याच्या सुमारास अनेक घरांत आवर्ती ठेव मोडली जाते किंवा दोन महिन्यांची एसआयपी थांबवली जाते, आणि दिवाळीनंतर भरून काढू असे त्या वेळी ठरते. दिवाळीनंतर दुसऱ्या सत्राचे शुल्क भरायचे असते, त्यामुळे ते भरून निघत नाही. या घरांचे उत्पन्न अपुरे असते असे नव्हे. पगार दरमहा येतो, घरखर्च दरमहा चालतो, पण शिक्षणाचा खर्च वर्षातून दोन-तीन वेळा मोठ्या रकमेने समोर उभा राहतो आणि त्या दिवशी घरात सहज हाती लागणारा पैसा म्हणजे बचतच असते. म्हणून हे अंदाजपत्रक महिन्याचे न मांडता वर्षाचे मांडावे लागते. ज्यांची मुले नुकतीच शाळेत जाऊ लागली आहेत किंवा ज्यांनी असा हिशेब कधी केलेला नाही, त्यांच्यासाठी तो येथे एका उदाहरणासह दिला आहे.

उदाहरणासाठी नाशिकमधील एक चौकोनी कुटुंब धरू. मुलगी आठवीत आणि मुलगा चौथीत, दोघेही जूनमध्ये सुरू होणाऱ्या राज्य मंडळाच्या खासगी शाळेत आहेत. आईवडिलांचे मिळून हातात येणारे उत्पन्न दरमहा ८५,००० रुपये, घराचा हप्ता १८,००० रुपये आणि ठरलेली बचत १५,००० रुपये आहे. या बचतीत सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीपीएफ, मुलीचे सुकन्या समृद्धी खाते, एक एसआयपी आणि अडीअडचणीसाठीची आवर्ती ठेव येते. किराणा, वीज, गॅस, पेट्रोल, दुचाकीचा हप्ता, औषधे, सोसायटीचा देखभाल खर्च, विम्याचे हप्ते आणि गावी आईवडिलांना पाठवायचे पैसे धरून घरखर्च ३८,५०० रुपये होतो. हे सगळे वजा केल्यावर शिक्षणासाठी दरमहा १३,५०० रुपये उरतात. शाळा काय मागते किंवा क्लास काय मागतो यावरून आरंभ न करता या आकड्यावरून करावा, कारण बचत येथे आधीच वजा झालेली आहे आणि पुढचा प्रत्येक निर्णय या १३,५०० रुपयांच्या आत बसवायचा आहे.

पायरी १: गेल्या वर्षाच्या पावत्यांवरून यादी करणे

एका सुटीच्या दिवशी गेल्या वर्षाच्या सगळ्या पावत्या, बँकेचे विवरण आणि यूपीआयची नोंद घेऊन बसावे. आठवणीवर विसंबून केलेली यादी नेहमी कमी भरते, कारण आपल्याला शुल्क लक्षात राहते पण शुल्काभोवतीचा खर्च राहत नाही. भरतनाट्यमच्या वर्गाची फी महिना १,००० रुपये आहे हे कोणीही सांगेल. परीक्षेच्या अर्जाचे १,००० रुपये आणि वार्षिक कार्यक्रमाच्या पोशाखाचे ३,५०० रुपये मात्र यूपीआयच्या यादीत शोधावे लागतात, आणि ते सापडले की १२,००० रुपयांचा वाटणारा छंदवर्ग प्रत्यक्षात १६,५०० रुपयांचा निघतो.

यादी दोन भागांत करावी. पहिल्या भागात शाळेत जायचे असेल तर टाळताच येणार नाही असा खर्च लिहावा. आपल्या कुटुंबात मुलीचे शालेय शुल्क ४२,००० आणि मुलाचे ३६,००० रुपये आहे आणि ते जून व नोव्हेंबर अशा दोन समान हप्त्यांत भरायचे आहे. व्हॅनचे दोघांचे महिना ३,६०० प्रमाणे दहा महिन्यांचे ३६,००० रुपये होतात. वह्या, पुस्तके, गणवेश, बूट, दप्तर आणि रेनकोट मिळून १३,००० रुपये, तर सहल, स्नेहसंमेलन आणि प्रकल्पांचे साहित्य मिळून ५,००० रुपये लागतात. या सगळ्याची बेरीज १,३२,००० रुपये, म्हणजे दरमहा बरोबर ११,००० रुपये होते.

दुसऱ्या भागात आपण निवडलेला खर्च येतो. मुलीच्या गणित-विज्ञानाच्या क्लासने वर्षाची फी २४,००० रुपये सांगितली होती, पण त्यावर १८ टक्के जीएसटी लागून ती २८,३२० रुपये झाली. शाळेच्या शिक्षणावर जीएसटी नसतो, पण नोंदणीकृत कोचिंग क्लासला तो लावावा लागतो. घरी शिकवणी घेणाऱ्या आणि ज्यांची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली आहे अशा शिक्षकांना तो लावावा लागत नाही. त्यामुळे दोन ठिकाणच्या फीची तुलना करताना कर धरून होणारी रक्कम विचारावी. मुलीच्या नृत्यवर्गाचे १६,५०० रुपये वर आलेच आहेत. मुलाच्या अबॅकसचे साहित्य आणि स्पर्धाशुल्क धरून १२,५०० रुपये होतात, आणि उन्हाळ्यातील पोहण्याच्या दोन महिन्यांच्या बॅचचे पोशाख व चष्म्यासह ४,४०० रुपये होतात. निवडलेल्या खर्चाची बेरीज ६१,७२० रुपये येते.

पायरी २: खड्डा किती आहे ते पाहणे

दोन्ही भाग मिळून वर्षाला १,९३,७२० रुपये लागतात, आणि दरमहा १३,५०० प्रमाणे वर्षाला १,६२,००० रुपये उपलब्ध आहेत. तूट ३१,७२० रुपयांची आहे. हिशेब मांडला नाही तर हीच रक्कम जून आणि नोव्हेंबरमध्ये आवर्ती ठेवीतून किंवा क्रेडिट कार्डवरून जाते, आणि ती एकरकमी जात नसल्यामुळे तिचा आकार कोणाच्या लक्षात येत नाही. आकडा एकदा कागदावर आला की नवराबायकोमधील चर्चाही बदलते. ‘एवढे क्लास कशाला’ या वादाच्या जागी ‘तीस हजार कोठून कमी करायचे’ हा सोडवता येणारा प्रश्न येतो.

येथे एक मोह होतो तो बचत १५,००० वरून १२,५०० करण्याचा. तो टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. यातली आवर्ती ठेव ही नोकरी गेली किंवा रुग्णालयात जावे लागले तर उपयोगी पडणारी आहे, आणि पीपीएफ व सुकन्या हीच पुढे याच मुलांच्या उच्च शिक्षणाची रक्कम आहे. चौथीतल्या अबॅकससाठी बारावीनंतरच्या प्रवेशाचे पैसे वापरणे म्हणजे त्याच मुलाचे पैसे अलीकडे ओढून घेणे होय.

पायरी ३: निवडलेला खर्च मर्यादेत आणणे

अटळ खर्चाचे ११,००० रुपये बाजूला केल्यावर निवडीच्या खर्चासाठी दरमहा २,५०० रुपये, म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये उरतात. ६१,७२० चे ३०,००० करायचे तर प्रत्येक गोष्टीतून थोडे थोडे कापण्याचा उपयोग होत नाही, कारण अर्धा क्लास आणि अर्धा नृत्यवर्ग असे काही नसते. काय पूर्ण ठेवायचे आणि काय पूर्ण सोडायचे हे ठरवावे लागते.

माझ्या मते प्रत्येक उपक्रमाला दोन प्रश्न विचारावेत. मूल सांगितल्याशिवाय त्याचा सराव करते का, हा पहिला प्रश्न. हा वर्ग बंद केला तर सहा महिन्यांत नेमके काय अडेल, हा दुसरा. आपल्या उदाहरणातील मुलगी नृत्याचा सराव आपणहून करते आणि परीक्षाही देते आहे, म्हणून तो वर्ग राहिला. मुलाच्या अबॅकसच्या वह्या दोन-दोन आठवडे उघडल्या जात नव्हत्या, त्यामुळे तो बंद झाला आणि १२,५०० रुपये वाचले. क्लासच्या बाबतीत मुलीशीच बोलल्यावर असे दिसले की विज्ञान ती शाळेच्या शिकवण्यावर नीट करते आणि अडचण फक्त गणिताची आहे. कॉलनीतील एका निवृत्त शिक्षिकेकडे केवळ गणिताची शिकवणी महिना १,००० रुपयांप्रमाणे दहा महिन्यांसाठी लावली, आणि २८,३२० रुपयांच्या जागी १०,००० रुपये खर्च आला. नृत्याचा पोशाख विकत न घेता भाड्याने आणल्यावर त्यातले आणखी २,००० रुपये कमी झाले. आता नृत्याचे १४,५००, शिकवणीचे १०,००० आणि पोहण्याचे ४,४०० असे एकूण २८,९०० रुपये होतात, आणि ३०,००० मधून १,१०० रुपये हाताशी राहतात.

शेजारच्या मुलाने आठवीपासूनच मोठ्या क्लासचा फाउंडेशन कोर्स लावला म्हणून आपल्यालाही लावावा लागेल अशी धास्ती या टप्प्यावर वाटते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर ५० पेक्षा अधिक विद्यार्थी असलेल्या कोचिंग केंद्रांनी १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये असे म्हटले आहे. त्या सूचनांची अंमलबजावणी राज्यांवर सोपवलेली असल्याने असे कोर्स सर्रास चालू दिसतात, पण आठवीत ते न लावणाऱ्या पालकाने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

पायरी ४: वेगळे खाते आणि तारखांचा क्रम

शिक्षणाच्या पैशासाठी वेगळे बचत खाते ठेवावे. घरखर्चाच्या खात्यातच मनाने वेगळे ठेवलेले पैसे गणपतीत खर्च होऊन जातात. या खात्याला डेबिट कार्ड घेऊ नये आणि ते मोबाईलवरील रोजच्या यूपीआयला जोडू नये. शाळेची फी ऑनलाइन भरायची असेल तर नेट बँकिंग पुरेसे असते. खाते उघडताना किमान शिल्लक किती ठेवावी लागते हे आवर्जून विचारावे, कारण शुल्क भरल्यावर हे खाते जवळजवळ रिकामे होते आणि दंड लागू शकतो.

तारखांचा क्रम असा लावावा. पगार १ तारखेला होत असेल तर २ ते ४ तारखेच्या दरम्यान बचतीच्या रकमा आपोआप वळत्या होतील अशी स्थायी सूचना बँकेला द्यावी. पीपीएफची रक्कम ५ तारखेच्या आत जमा झाली तरच त्या महिन्याचे व्याज त्या रकमेवर मिळते, त्यामुळे ही तारीख पाळण्यात लाभ आहे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी १३,५०० रुपये शिक्षणाच्या खात्यात जावेत. व्हॅनवाल्या काकांचे पैसे, शिकवणीची फी आणि नृत्याची फी याच खात्यातून द्यावी, घरखर्चातून नव्हे. हे पाळले नाही तर वर्षाअखेरीस खरा खर्च किती झाला ते कळत नाही.

या खात्यातील पैसे म्युच्युअल फंडात किंवा शेअरमध्ये ठेवू नयेत. भिशीत लावण्याचाही विचार काही जण करतात, परंतु भिशी लागण्याचा महिना आणि शाळेची तारीख जुळेलच असे नसते. चाळीस-पन्नास हजार रुपये पाच-सहा महिन्यांसाठी ठेवायचे आहेत. त्यावर मिळणारे काहीशे रुपयांचे जास्तीचे व्याज महत्त्वाचे नाही, जूनमध्ये पूर्ण रक्कम हजर असणे महत्त्वाचे आहे.

पायरी ५: सुरुवात डिसेंबरमध्ये करणे

हा हिशेब वर्षाच्या बेरजेत बसला तरी महिन्यांच्या क्रमात बसतो का, हे तपासावे लागते आणि नेमके हेच बहुतेक जण वगळतात. जूनमध्ये दोघांच्या शुल्काचा पहिला हप्ता ३९,०००, पुस्तके-गणवेशाचे १३,००० आणि व्हॅन, शिकवणी व नृत्याचे ५,६०० असे ५७,६०० रुपये एकाच महिन्यात जातात. खाते जूनमध्येच उघडले तर त्यात १३,५०० रुपये असतील आणि ४४,००० रुपयांहून अधिक रक्कम बचतीतूनच काढावी लागेल. म्हणजे योजना बरोबर असूनही पहिल्याच महिन्यात ती मोडेल.

नोव्हेंबरचा हप्ता भरून झाला की डिसेंबरपासून खाते सुरू केले तर चित्र बदलते. साध्या महिन्यात ५,६०० रुपये जातात आणि ७,९०० रुपये साठतात. एप्रिल-मेमध्ये व्हॅन आणि शिकवणी नसल्यामुळे पोहण्याचे पैसे देऊनही अधिक साठते. स्नेहसंमेलन, सहल, नृत्याची परीक्षा आणि पोशाख हे सगळे धरून मेअखेरीस ४४,७०० रुपये शिल्लक राहतात. जूनचे १३,५०० मिळवल्यावर ५८,२०० होतात आणि ५७,६०० रुपये भरून खात्यात ६०० रुपये उरतात. पुढे जुलै ते ऑक्टोबर पुन्हा साठत जाऊन नोव्हेंबरचा ३९,००० रुपयांचा हप्ताही निघतो आणि वर्ष १,१०० रुपये शिल्लक ठेवून संपते.

सहाशे रुपये ही फार कमी शिल्लक आहे आणि एखादी लहानशी वाढसुद्धा ती खाऊन टाकेल. म्हणून दिवाळीचा बोनस मिळत असेल तर त्यातले निदान १०,००० रुपये पहिल्या वर्षी या खात्यात घालावेत आणि ते कायमचा आधार म्हणून तेथेच राहू द्यावेत. ज्यांना हे जूनमध्ये वाचून कळले त्यांनी शाळेला दोनऐवजी चार हप्ते किंवा मासिक हप्ते मागावेत. अनेक शाळा लेखी अर्ज केल्यावर तशी मुभा देतात, पण नोटिशीत ते लिहिलेले नसते, विचारावे लागते.

क्लासचे पैसे देताना

आमच्या घरी हा धडा महागात मिळाला. मोठ्या मुलाच्या क्लासने वर्षाची फी एकदम भरल्यास दहा टक्के सवलत देऊ केली आणि आम्ही एक ठेव मोडून ती भरली. दिवाळीपर्यंत त्याला तिथले शिकवणे झेपत नाही हे स्पष्ट झाले. पैसे परत मागायला गेलो तेव्हा समोरच्या मुलीने आमचीच पावती उलटी करून मागच्या बाजूची ओळ दाखवली: एकदा भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. पावती चार महिने फाईलमध्ये होती आणि आम्ही तिची मागची बाजू पाहिलीच नव्हती.

दहा टक्के सवलत म्हणजे दहा महिन्यांच्या क्लासमधील एका महिन्याची फी. मूल तिसऱ्या-चौथ्या महिन्यात क्लास सोडण्याची थोडीशीही शक्यता असेल तर ही सवलत घेणे तोट्याचे ठरते. पहिले तीन महिने मासिक फी द्यावी आणि घटक चाचणीनंतर निर्णय घ्यावा. एकरकमी भरायचेच असेल तर परताव्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. वर उल्लेखलेल्या २०२४ च्या सूचनांत मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असेही म्हटले आहे, आणि बोलणी करताना त्याचा दाखला देता येतो, पण हातात लिखित अट असणे केव्हाही बरे.

क्लासमधील समुपदेशक ‘बिनव्याजी हप्ते’ देऊ करतात तेव्हा अधिक सावध राहावे. बहुतेक वेळा तो क्लासने दिलेला हप्ता नसतो. एखाद्या वित्तसंस्थेने पालकाच्या नावावर दिलेले ते कर्ज असते आणि क्लासला पूर्ण रक्कम आधीच मिळालेली असते. मुलाने क्लास सोडला किंवा क्लासच बंद पडला तरी हप्ते बँक खात्यातून कापले जात राहतात आणि थांबवले तर सिबिल अहवालात थकबाकी दिसते. मोबाईलवर ओटीपी मागितला जात असेल, पॅन आणि बँक खात्याची स्वयंचलित वजावट मागितली जात असेल तर ते कर्ज आहे असे समजावे आणि सही करण्यापूर्वी कर्जाचे मुख्य तथ्य विवरणपत्र मागून घ्यावे.

शुल्कवाढ आणि फेरतपासणी

महाराष्ट्रात खासगी शाळांच्या शुल्कासाठी २०११ चा शुल्क विनियमन अधिनियम आहे. त्यानुसार शाळेने सुचवलेले शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावे लागते आणि मान्य झालेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते. या समितीवर आपल्या वर्गाचे पालक प्रतिनिधी कोण आहेत हे माहीत करून घ्यावे, कारण पुढची वाढ किती प्रस्तावित आहे हे त्यांच्याकडून बरेच आधी कळू शकते. आपल्या उदाहरणात ७८,००० रुपयांच्या एकूण शालेय शुल्कावर दहा टक्के वाढ झाली तर वर्षाला ७,८०० रुपये, म्हणजे दरमहा ६५० रुपये वाढवावे लागतील. ते वार्षिक पगारवाढीतून काढावेत आणि वाढ जाहीर झालेल्या महिन्यापासूनच स्थायी सूचनेची रक्कम १४,१५० करून घ्यावी, जूनची वाट पाहू नये.

जुन्या करप्रणालीत विवरणपत्र भरणाऱ्यांना दोन मुलांपर्यंतच्या शाळेच्या ट्यूशन फीची वजावट दीड लाखाच्या एकत्रित मर्यादेत मिळते. देणगी, विकास शुल्क आणि वाहतूक त्यात धरली जात नाही, खासगी क्लासची फीही नाही. म्हणून शाळेकडून ट्यूशन फी वेगळी दाखवणारी पावती घ्यावी. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही, त्यामुळे तिचा आकडा अंदाजपत्रकात उत्पन्न म्हणून धरू नये.

खाते वर्षातून दोनदा, ऑक्टोबरच्या आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तपासावे. आपल्या उदाहरणात नव्या योजनेच्या पहिल्या ऑक्टोबरअखेरीस सुमारे ३२,००० रुपये असायला हवेत. ते २५,००० असतील तर जुलैपासून कोठेतरी न लिहिलेला खर्च या खात्यातून गेला आहे, आणि तो शोधायला नोव्हेंबरचा हप्ता भरण्यापूर्वी थोडे दिवस मिळतात. या काळात क्रेडिट कार्डचे पूर्ण बिल न भरता किमान रक्कम भरली गेली असेल तर शिक्षणाचा खर्च तिकडून जातो आहे का हेही पाहावे.

मुलगी नववीत जाईल त्या फेब्रुवारीत मात्र केवळ तपासणी पुरणार नाही, यादी नव्याने करावी लागेल. दहावीसाठी सर्व विषयांचा क्लास लावायचा असेल तर त्याची फी आत्ताच दोन-तीन ठिकाणी करासह विचारून घ्यावी, समजा ती ३६,००० रुपये आहे. नववीच्या वर्षभरात त्यासाठी दरमहा ३,००० रुपयांची बारा महिन्यांची वेगळी आवर्ती ठेव सुरू करावी आणि तिची मुदत क्लासच्या प्रवेशाच्या महिन्यात संपेल असे पाहावे. ते ३,००० रुपये कोठून येतील हे नववीतच ठरवावे लागते. आपल्या कुटुंबात घरातल्या दुचाकीचा शेवटचा हप्ता त्या एप्रिलमध्ये संपणार होता, आणि मे महिन्यापासून तीच रक्कम, त्याच तारखेला, या ठेवीकडे वळवली गेली.